तेरवीला वाचायची कविता

तेरवीला वाचायची कविता दहाव्याच्या आधी लिहायला घेऊ नये. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं, येणारा प्रत्येक जण दाराशीच रडतो आणि त्या रडण्यातली वाक्यं सगळ्यांची सारखीच असतात. दहावा आटोपला की लांबचे लोक निघून जातात, जवळचे उरतात आणि सपरीत बसून बारीकसारीक बोलायला लागतात. तिला गुळाचाच चहा लागायचा, धाकट्या सुनेला ती कोणत्या नावानं हाक मारायची, खाटेच्या कोणत्या बाजूला निजायची. कवितेला लागतो तो ऐवज हाच. दहाव्यापासून तेरवीपर्यंत तीन दिवस हातात असतात. एक दिवस आठवणी गोळा करायला, एक लिहायला, एक कापाकापीला. वीसेक ओळींच्या मुक्तछंदाला तेवढे पुरतात.

आमच्या गावच्या वाचनालयात अशा कवितेसाठी मदत मागायला लोक येतात. बहुतेकांनी त्याआधी कविता लिहिलेली नसते. दिवाळीनंतर एका नातीसोबत तिच्या आजीवर लिहिलेली कविता कशी घडत गेली, ते इथे मांडतो. घरच्यांनी परवानगी दिली आहे, नावं गाळली आहेत. आजी दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची आणि मजुरी वजनावर मिळायची, एवढं सुरुवातीला माहीत असलं म्हणजे झालं.

नात आली तेव्हा वहीत हे लिहून आणलं होतं:

आजी तू प्रेमाची मूर्ती होती,
आमच्या घराची तू कीर्ती होती,
काळाने अचानक घाला घातला,
घरातला आमच्या दिवा विझला.

ही पोरगी मनापासून लिहीत होती, यात शंका नाही. अडचण दुसरीकडे होती. आपल्याकडे कान भजनावर आणि जात्यावरच्या ओव्यांवर वाढलेला असतो. अभंगात अक्षरांचा हिशेब असतो, मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. लहानपणापासून हेच ऐकल्यामुळे हातात पेन घेतलं की यमक आपोआप येतं. पण हिशेब पक्का नसेल तर यमक शब्दाला ओढत नेतं. ‘कीर्ती’ हा शब्द तिथे ‘मूर्ती’मुळे आला. आजीची कीर्ती कुठे झालेली नव्हती, तिला ती नकोही असती. म्हणजे यमकासाठी कवितेत एक खोटी गोष्ट शिरली. श्रद्धांजलीच्या कवितेत एवढंही खोटं चालत नाही, कारण ऐकणारे सगळे त्या माणसाला ओळखत असतात.

म्हणून अशा कवितेला मुक्तछंद बरा. मराठीत मुक्तछंद रुजवणारे कवी अनिल मूर्तिजापुरात जन्मले, म्हणजे हा प्रकार वऱ्हाडाला परका नाही. यात यमक नाही, अक्षरं मोजायची नाहीत. तरी तो कसाही लिहिता येत नाही. यमकानं जे बांधून ठेवलं असतं, ते इथे तीन गोष्टींनी बांधावं लागतं. एक वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत असावी, ओळ श्वासाला धरून तुटावी आणि बोलण्याची चाल कानाला लागावी.

वही बाजूला ठेवून आम्ही आधी यादी केली. यादीचा नियम असा की त्यात गुण लिहायचा नाही. प्रेमळ, कष्टाळू, देवभोळी, सोशिक हे शब्द बाद. डोळ्यांनी दिसलं, कानांनी ऐकलं, हाताला किंवा नाकाला कळलं, तेवढंच लिहायचं. नात म्हणाली, “लय मायाळू होती आजी.” विचारलं, मायाळू म्हणजे करायची काय? ती थोडी थांबली आणि म्हणाली, “एखादी बाई वेचताना मागं राहिली तं आपल्या ओटीतला कापूस तिच्या ओटीत टाकायची.” गुणवाचक शब्द आला की ‘म्हणजे करायची काय’ एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तरात जे येतं ते यादीत उतरवावं आणि मूळ शब्द खोडावा.

प्रश्न फार नसावेत. तिचा हात दिवसभर कशाला लागायचा? कोणतं वाक्य ती नेहमी बोलायची? तिची कोणती वस्तू आज घरात जशीच्या तशी आहे? तिच्या जाण्यानं घरात किंवा वावरात कोणतं काम अडलं आहे? या चारांतून पंधरा ते वीस नोंदी निघतात. इथे निघालेल्या काही अशा: खुंटीवर टांगलेली जुन्या लुगड्याची ओटी, तिला दोन ठिकाणी टाके. बोटांच्या पेरांवर बोंडाच्या टोकांचे ओरखडे. दव वाळल्याशिवाय वावरात न शिरणं. गुळाचा चहा. पोळ्याला बैलाच्या कपाळाला हळद लावणं. तांबड्या डबीतली तंबाखू. नातवंडांची नावं चुकवून हाका मारणं. वजनकाट्याबद्दलचं ‘काट्याले काय समजते’ हे वाक्य. वेचताना दोन तासांच्या, म्हणजे कपाशीच्या ओळींच्या, मधून चालणं आणि दोन्ही हातांनी एकदम वेचणं.

यातलं बहुतेक सोडून द्यायचं असतं आणि नवख्या माणसाला हेच जड जातं. प्रत्येक आठवण खरी असते, प्रत्येक सांगणारा जवळचा असतो. पण वीस ओळींत चार-पाच नोंदी मावतात. त्याहून जास्त घातल्या की कोणतीच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही, कारण एक दिसायला लागते न लागते तोच दुसरी येते. गुळाचा चहा, पोळा आणि तंबाखूची डबी आम्ही बाजूला ठेवली. नातीला पोळा सोडवत नव्हता. तो वेगळ्या कवितेचा ऐवज आहे, तो तसाच लिहून ठेव, असं तिला सांगितलं.

मधली वस्तू निवडताना एक कसोटी लावावी. कवितेच्या ओघात त्या वस्तूची अवस्था बदलते का? तंबाखूची डबी सुरुवातीला डबी आणि शेवटीही डबीच. ओटीचं तसं नाही. ती कमरेला बांधली जाते, भरते, वावराच्या कडेला धुऱ्यावर रिकामी होते, दुसरीच्या ओटीत थोडी ओतली जाते आणि आता खुंटीवर आहे. या हालचालीतच कवितेचा क्रम मिळतो, वेगळा सांगाडा शोधावा लागत नाही. वस्तू माणसाच्या हातातली असली, रोजची असली आणि तिच्यात काहीतरी येत-जात असलं की ती चालते. डवऱ्याची मूठ, दुधाची बादली, शिलाई मशीनचं पायडल, शाळेची घंटा, हे सगळं चालतं. दिवा, तारा, पाखरू, वटवृक्ष, चंदन हे टाळावं. या उपमा वाईट नाहीत, पण त्या कोणालाही लागू होतात. आमची साधी परीक्षा अशी: ओळीतलं नाव खोडून गावात मागच्या वर्षी गेलेल्या दुसऱ्या कोणाचं नाव घालून वाचा. ओळ तरी चालली तर ती काढा. ‘घरातला दिवा विझला’ ही ओळ कोणाच्याही नावावर चालते. ‘जुन्या लुगड्याची ओटी, दोन ठिकाणी टाके’ ही चालत नाही.

दुसऱ्या दिवशी लिहायला घेतलं. चार भाग ठरवले. आधी वस्तू जिथे आहे तिथे दाखवायची. मग तिचं काम. मग त्या कामातला एकच प्रसंग, तिच्या बोलण्यासकट. आणि शेवटी आजचं वावर आणि घर. प्रत्येक भागाला चार ते नऊ ओळी. सर्वांत लांब भाग कामाचा ठेवावा, कारण माणूस कामात दिसतो. बोलण्याचा छोटा ठेवावा, कारण ते वाक्य एकटं राहिलं पाहिजे.

नातीचा पहिला खर्डा असा आला:

आजीची ओटी खुंटीवर टांगलेली होती.
ती जुन्या लुगड्याची शिवलेली होती.
आजी रोज सकाळी वावरात जात होती.
ती दोन्ही हातांनी कापूस वेचत होती.

नोंदी बरोबर, तरी ऐकताना कंटाळा येतो. कारण मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि भूतकाळ लिहिला की ओळीमागून ओळ ‘होती’वर आपटते. यमक काढून टाकलं तरी ‘होती-होती’चं यमक मागच्या दारानं आत येतं. मुक्तछंद लिहिणाऱ्या नवख्या मराठी माणसाची सगळ्यात मोठी अडचण हीच आणि ती ओळखायला सोपी आहे. ओळींचे शेवटचे शब्द फक्त खाली-खाली लिहून काढा. एकच शब्द तीनदा दिसला की दुरुस्ती करा.

दुरुस्तीचे उपाय थोडेच आहेत. वस्तू आज समोर असेल तर वर्तमानकाळ वापरावा: ‘खुंटीवर ओटी आहे.’ वर्णनाच्या ओळीतलं क्रियापद पूर्ण काढावं: ‘जुन्या लुगड्याची, हिरव्या काठाची.’ रोजच्या सवयीसाठी ‘जात होती’ न लिहिता ‘जायची, शिरायची’ लिहावं, पण तेही सलग दोनदाच. एका वाक्याच्या दोन-तीन ओळी कराव्यात म्हणजे क्रियापद सगळ्यात खालच्या ओळीवर जातं आणि वरच्या ओळी नामावर थांबतात. नामावर थांबलेली ओळ ऐकणाऱ्याला वस्तू पाहायला वेळ देते.

ओळ तोडायची जागा वाचूनच कळते. कागदावर पाहून तोडली की ती फसते. मोठ्यानं वाचा, जिथे आपोआप श्वास घ्याल तिथे रेघ मारा. तीन ते सहा शब्दांत श्वास येतो. विभक्ती लागलेला शब्द आणि त्याचं काम तोडू नका. ‘ओटीतला’ एका ओळीवर आणि ‘कापूस’ दुसऱ्या ओळीवर, असं केलं की वाचणारा अडखळतो आणि माईकवर ते लगेच कळतं.

आजीचं वाक्य कोणत्या भाषेत लिहायचं, यावर बराच वेळ गेला. नातीनं शाळेच्या सवयीनं ‘काट्याला काय समजते’ असं शुद्ध केलं होतं. आम्ही ते परत जसंच्या तसं केलं. बाकीची कविता प्रमाण मराठीत असली तरी गेलेल्या माणसाचं वाक्य त्याच्या तोंडचंच ठेवावं. ऐकणाऱ्यांच्या कानात तो आवाज असतो आणि एक प्रत्यय बदलला तरी तो आवाज जातो. उलट सगळी कविता वऱ्हाडीत लिहायचा मोह झाला तर आधी तपासा, वाचणारा घरी तसं बोलतो का. बोलत असेल तर खुशाल लिहा. ओढूनताणून आणलेली बोली सभेत नकलेसारखी ऐकू येते.

‘ती’ लिहायचं की ‘तू’, हेही आधी ठरवावं. सबंध कविता ‘तू’मध्ये असली की वाचणाऱ्याचा आवाज पहिल्या चार ओळींतच भरून येतो आणि जमलेले लोक बाजूला पडतात. ‘ती’मध्ये लिहिलं की लोकांना सांगता येतं. आम्ही ‘ती’ ठेवलं आणि शेवटच्या भागात एकदाच ‘आजी’ अशी हाक घातली. आबाजींवर लिहिताना ‘ते’ आणि ‘तुम्ही’ येईल, घरात जसं बोलत असाल तसं. हाक मात्र एकदाच.

तिसऱ्या दिवशी कापायचं. शेवटच्या दोन-तीन ओळींकडे आधी पाहा. नातीच्या खर्ड्यात शेवटी होतं: ‘आजी, तुझी आठवण कायम राहील, तुझ्यासारखं जगायचा आम्ही प्रयत्न करू.’ कविता त्याच्या आधीच्या ओळीवर संपली होती, या दोन ओळी तिच्याबद्दलचं भाषण होत्या. असं जवळपास प्रत्येक खर्ड्यात होतं, कारण लिहिणाऱ्याला भीती वाटते की लोकांना कळलं नसेल. तेरवीला आलेल्यांना कळतं. या ओळी काढल्या की शेवट वस्तूवर येतो.

मग घरातल्या दोघा मोठ्यांना वाचून दाखवायचं, कविता कशी वाटते हे विचारायला नव्हे, तपशील तपासायला. लुगड्याचे काठ हिरवेच होते का? वेचणी दुसरी की पहिली? इथे मोठ्या मामीनं सांगितलं, की आजी धुऱ्याजवळचं पहिलं तास स्वतः धरायची, दुसऱ्या कोणाला देत नव्हती. ही नोंद यादीत नव्हती आणि शेवटच्या भागाला तीच कामाला आली. मुलाबाळांची नावं कवितेत घालू नयेत. एक नाव आलं की दुसरं का नाही, हा प्रश्न तेरवीच्या जेवणातच उठतो.

मरण कसं आलं, हेही कवितेत आणायची गरज नसते. आपल्या भागात काही घरांत ते मरण माणसानं स्वतः ओढवून घेतलेलं असतं. तिथे कीटकनाशक, दोर, विहीर, कर्जाचा कागद, यातलं काही प्रतिमा म्हणून वापरू नये, सूचकपणेसुद्धा नाही. समोर त्याची पोरं बसलेली असतात. आत्महत्येला त्याग किंवा सुटका म्हणणारी ओळही नको, ती ऐकणाऱ्या दुसऱ्या खचलेल्या माणसापर्यंत पोचते. तो वावरात काय पेरायचा, बैलांना काय म्हणायचा, ते लिहावं.

कापून झाल्यावर कविता अशी राहिली:

खुंटीवर ओटी आहे.
जुन्या लुगड्याची,
हिरव्या काठाची,
दोन ठिकाणी टाके.

दिवाळी झाली,
दव वाळलं,
की ती कमरेला बांधून
आजी वावरात शिरायची.
दोन तासांच्या मधून,
दोन्ही हात एकदम.
बोंडाला हिसका नाही,
कापसात पत्ती नाही.
पेरांवर ओरखडे.

एखादी मागं राहिली
की आपली ओंजळ
तिच्या ओटीत.
“घे वं माय,
काट्याले काय समजते.”

दुसरी वेचणी आली आहे.
धुऱ्याजवळचं पहिलं तास
अजून कोणी धरलं नाही.
आजी,
ओटी खुंटीवर आहे.
शिवणीत एक सरकी अडकली आहे,
ती काढली नाही.

एक प्रेमळ नाही, एक कष्टाळू नाही. मजुरी वजनावर असताना आपली ओंजळ दुसरीला देणं म्हणजे स्वतःचे पैसे देणं, हे कापूसपट्ट्यातल्या ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. बाहेरच्या पाहुण्यांसाठी ते समजावणारी ओळ घालावी का, असं नातीनं विचारलं. घातली नाही. ही कविता ज्यांच्यासाठी आहे ते काटा ओळखतात. ‘खुंटीवर ओटी’ दोनदा येते, पण दुसऱ्यांदा शब्दांची अदलाबदल केली आहे, कारण पहिल्यांदा आपण खुंटी पाहतो आणि दुसऱ्यांदा तिला सांगत असतो. पुनरावृत्ती एवढीच पुरे. तिसऱ्यांदा आली असती तर ध्रुपद झालं असतं आणि लोकांनी मनातल्या मनात टाळ धरला असता.

वाचण्याची तयारी लिहिण्याइतकीच करावी लागते. कागदाच्या एकाच बाजूला, ठळक अक्षरात, ओळींमध्ये मोकळी जागा सोडून लिहावं. मोबाईलवरून वाचू नये. उन्हात मांडवात स्क्रीन दिसत नाही आणि मधेच फोन येतो. ही कविता सावकाश वाचली तर दीड मिनिटाच्या आतबाहेर जाते. दोन भागांच्या मधे मनात तीन आकडे मोजून थांबायचं, तिथे कागदावर आडवी रेघ मारून ठेवावी. खंजिरीचं भजन संपल्या-संपल्या उभं राहू नये, कानात ठेका असतो आणि मुक्तछंद त्या ठेक्यावर गावासा वाटतो. सभेत मौन पाळणार असतील तर मौनानंतर लगेच वाचावं, जेवणाच्या पंगती बसायच्या आधी.

आवाज कुठे भरून येणार, ते घरी वाचतानाच कळतं. इथे तो ‘घे वं माय’पाशी येत होता. त्या ओळीच्या आधी पूर्ण श्वास घ्यायचा आणि ती ओळ सगळ्यात हळू म्हणायची, असं ठरवलं. शेजारी दुसरं कोणी त्याच कागदाची प्रत घेऊन उभं राहावं आणि थांबलं तिथून त्यानं पुढे वाचावं. सुरुवातीपासून पुन्हा वाचू नये.

वर्षश्राद्धाला किंवा पेपरातल्या श्रद्धांजलीत एवढी जागा मिळत नाही. चार-पाच ओळी मागतात. तेव्हा पहिल्या ओळी तोडून देऊ नका, त्यांना पुढच्या भागाशिवाय अर्थ नाही. जो भाग एकटा उभा राहतो तो द्यायचा. या कवितेत तो तिसरा आहे, ‘एखादी मागं राहिली’पासून ‘काट्याले काय समजते’पर्यंत. पाच ओळी, खाली आजीचं नाव आणि गाव. छापायला देताना ‘काट्याले’खाली रेघ मारून बाजूला ‘असंच ठेवावं’ लिहावं, नाहीतर टाइप करणारा ते ‘काट्याला’ करतो.